पत्त्यांचा बंगला: नवा कॅट तिसऱ्या मजल्यावर का ढासळतो? आणि दोन कॅटांत सगळ्यात उंच काय उभं राहील?

फोंड्याची_मेधा
नमस्कार मंडळी. चवथीला आमच्याकडे दरवर्षी पाहुण्यांनी घर भरतं. दुपारची जेवणं झाली की माटोळीखाली पोरं पत्ते घेऊन बसतात. यंदा भाच्याने बदाम सात सोडून बंगला बांधायचं मनावर घेतलंय. त्याच्यासाठी मी म्हापशाहून दोन नवे कोरे कॅट आणले, चांगले चकचकीत, प्लास्टिकचा लेप असलेले.

पण घोळ असा झालाय की नव्या पानांनी तिसरा मजला चढवायला घेतला की बंगला पडतो. तेच आजोबांच्या वेळचा, कडा काळ्या पडलेला, रमीचा जुना कॅट घेतला तर पाच मजले आरामात होतात. टेबल तेच, मुलगा तोच, हात तेच. पंखा बंद असतो, खिडक्याही लावलेल्या असतात.

आम्ही नेहमीचाच बंगला करतो. दोन पानांचे तंबू ओळीने, त्यांच्यावर आडवी पानं, त्यावर एक कमी तंबू, असं वर निमुळतं. टेबल सागवानी आहे, पॉलिश केलेलं.

दोन प्रश्न आहेत. नव्या पानांत नेमकं काय कमी पडतं? आणि दोन कॅट म्हणजे जोकर सोडून १०४ पानं, त्यांत जास्तीत जास्त उंच काय बांधता येईल? मोडणं, चिकटवणं, खाच पाडणं चालणार नाही. भाच्याने स्वतःच तसा नियम केलाय.

बदाम_सत्ती
सोप्पं आहे. नवी पानं गुळगुळीत, जुनी खरखरीत. सगळा खेळ खरखरीतपणाचा. नव्या पानांना थोडी टाल्कम पावडर चोळा, म्हणजे धरतील.

जादूचा_रुमाल
@बदाम_सत्ती, पावडर अजिबात नको! पावडरीने पान जास्त घसरतं. मी मडगावात मुलांच्या वाढदिवसांना पत्त्यांच्या जादू करतो. पानांचा पंखा झरकन उघडावा म्हणून आम्ही जुन्या पानांना मुद्दाम पावडर लावायचो. बंगल्याला हवं ते नेमकं याच्या उलट.

मेधाताई, चांगल्या कॅटचं पान उजेडात तिरकं धरून बघा. काहींवर बारीक बारीक खळगे दिसतात, विणलेल्या कापडासारखे. काही पानं मात्र आरशासारखी सपाट असतात. खळग्यांची पानं वाटताना एकमेकांवर छान सरकतात, म्हणून आम्हाला ती आवडतात. पूर्ण प्लास्टिकचीही मिळतात, धुतली तरी चालतात, पण बंगल्यासाठी मी ती कधीच घेणार नाही. निसटतात, आणि दाबलं की लवचिकपणे वाकून उसळतात. तुमची कोणती आहेत?

फोंड्याची_मेधा
खळगे नाहीत. सपाट, चकचकीत. आत कागदच आहे, कारण एक पान कोपऱ्यात भिजून फुगलं तेव्हा कळलं.

सातेरीकृपा
मेधा, चवथीला पत्ते म्हटल्यावर जीव भरून आला गं. आमच्या सावईच्या घरी आरत्या झाल्या की मेंढीकोट सुरू व्हायचा, तो पहाटेपर्यंत. उंच म्हणजे तू मोठा डाव विचारते आहेस का? दोन कॅट असतील तर नॉट-ॲट-होम खेळा. सहा जण सहज बसतात.

फोंड्याची_मेधा
काकू, डाव नव्हे हो, पत्त्यांचं घर बांधतोय आम्ही! पण रात्रीसाठी तुमचं लक्षात ठेवते. सहा जण आहोतच.

मास्तर_डिचोली
मेधाताई, तुमच्या प्रश्नात एक माहिती राहिली आहे आणि सगळं तिच्यावर अडलंय. तंबूच्या दोन पायांत किती अंतर ठेवता? आणि बंगला पडतो तेव्हा आधी काय हलतं? बाहेरच्या टोकाचा पाय बाहेर सरकतो, की वरचं काहीतरी निसटतं, की अख्खा बंगला पुढेमागे कलतो? तिन्हींची कारणं वेगळी आहेत. मोबाईल टेबलाच्या पातळीवर ठेवून चित्रण करा आणि सावकाश चालवून बघा.

चिरेबंदी
मी पेडण्याकडे चिऱ्याची कामं घेतो. माझं म्हणणं एवढंच की पाया रुंद घ्या. आमच्याकडे भिंत उभी राहते ती रुंदीवर आणि सांधमोडीवर. खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरचा चिरा आला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की भिंतीला चीर गेलीच समजा. घर्षणाचं मला विशेष वाटत नाही, वजनाने सगळं बसतं.

फोंड्याची_मेधा
चित्रण केलं. मास्तर, तुम्ही म्हणालात ते बघायला मजा आली. दोन पायांत साडेचार सेंटीमीटर. आणि तिसऱ्या मजल्याचा तंबू ठेवताना सगळ्यात खालच्या ओळीतला डाव्या टोकाचा पाय आधी बाहेर सरकतो. इतका हळू की आम्हाला उघड्या डोळ्यांनी कधी दिसलाच नव्हता. मग बाकीचं कोसळतं. चार वेळा केलं. तीनदा डावा पाय सरकला, एकदा उजवा.

मास्तर_डिचोली
छान. आता उत्तर तुमच्या टेबलातच सापडेल.

दोन पानं एकमेकांना टेकवली की प्रत्येक पान खालून बाहेर पळू बघतं. त्याला अडवतं ते फक्त पायाजवळचं घर्षण. ते किती मिळतं, हे मोजायला कसलंही यंत्र लागत नाही. टेबलासारखंच पॉलिश असलेली एक फळी घ्या, तिच्यावर पान ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. पान घसरेल त्या क्षणी थांबा. टोक किती सेंटीमीटर वर आलं त्याला आडव्या अंतराने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमचं घर्षण. पाचसहा वेळा करून सरासरी घ्या. हेच फळीवर टेबलक्लॉथ ताणून बसवून करा. पानावर पान ठेवूनही करा, त्यासाठी खालचं पान फळीला चिकटपट्टीने लावा. ही चिकटपट्टी बंगल्यात नाही, तेव्हा भाच्याचा नियम मोडत नाही.

@चिरेबंदी, सांधमोडीचं तुमचं म्हणणं मला पटतं, त्याच्याकडे परत येऊ. पण चिरा आडवा बसतो, त्याचं वजन सरळ खाली जातं. तंबूचं पान तिरकं असतं. तिथे वजन वाढवलं की बसण्याऐवजी पाय जास्त जोराने बाहेर ढकलला जातो.

बदाम_सत्ती
वजन वाढलं की घर्षणही वाढतं ना? शाळेत तसंच शिकलो होतो.

मास्तर_डिचोली
वाढतं, आणि तुमचं शिकलेलं बरोबरच आहे. पण तंबूत ढकलणारा जोर त्याहून थोडा वेगाने वाढतो. कारण असं की पानाचं स्वतःचं वजन त्याच्या मध्यावर असतं, त्यामुळे ढकलण्यात त्याचा अर्धाच वाटा येतो. वरून येणारं ओझं मात्र थेट शेंड्यावर बसतं, ते पूर्ण वाट्याने ढकलतं. म्हणून रिकाम्या तंबूला जेवढं घर्षण पुरतं, तेवढं लादलेल्या तंबूला पुरत नाही. ओझं वाढत गेलं की गरज दुपटीच्या दिशेने सरकत जाते.

फोंड्याची_मेधा
मोजलं! कपाटाची पॉलिशची फळी, आडवं अंतर प्रत्येक वेळी अर्धा मीटर ठेवलं.
नवं पान पॉलिशवर साडेनऊ सेंटीमीटरला घसरलं, म्हणजे ०.१९.
नवं पान टेबलक्लॉथवर साडेबावीसला, म्हणजे ०.४५.
नव्या पानावर नवं पान साडेआठला, ०.१७.
जुन्या पानावर जुनं पान चौदाला, ०.२८.
भाचा म्हणतो, यंदाच्या सुट्टीतलं सगळ्यात भारी काम हेच.

मास्तर_डिचोली
आता हिशेब बघा. पान ८८ मिलिमीटर लांब. पायांत साडेचार सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून एकेक पाय सव्वादोन सेंटीमीटर दूर. तंबूची उंची साधारण साडेआठ. सव्वादोन भागिले साडेआठ, जवळजवळ ०.२६.

रिकाम्या तंबूला याच्या निम्मं लागतं, म्हणजे ०.१३. तुमच्या टेबलाकडे ०.१९ आहे, म्हणून तो छान उभा राहतो आणि आपल्याला वाटतं पाया पक्का झाला. वर दुसरा मजला आला की टोकाच्या पायाला ०.१९ च्या आसपास लागतं. तिथे तो अगदी काठावर आला. तिसरा तंबू ठेवताच गरज ०.२० होते. तुमच्या चित्रणात दिसलं ते हेच.

टोकाचाच पाय का, हेही सांगतो. आतल्या तंबूंचे पाय शेजारच्या तंबूच्या पायाला टेकलेले असतात, ते एकमेकांना अडवतात. टोकाच्या दोन पायांना पलीकडे शेजारी नाही, त्यांना फक्त टेबलाचाच आधार.

उपाय दोन आहेत. एकतर पायांतलं अंतर कमी करून सव्वातीन सेंटीमीटरवर आणा. मग कितीही लादलं तरी ०.१९ पुरेल. नाहीतर टेबलक्लॉथ घाला. त्यावर सात सेंटीमीटरपर्यंत पाय फाकवलेत तरी हरकत नाही.

कुंडईकर
आमच्या जुन्या घरात सोप्यावर पाच मजले व्हायचे, खाली खरखरीत तांबडं सिमेंट होतं. नव्या घरात टाइल्स आल्या आणि पोरं दोन मजल्यांवर आली. मला वाटायचं हल्लीच्या पोरांत धीर नाही.

फोंड्याची_मेधा
टेबलक्लॉथ घातला. नव्या पानांनी चार मजले झाले! पण पाचव्याला परत पडला, आणि या वेळी खालचा पाय जागचा हलला नाही. दुसऱ्या मजल्यावरचा पाय सरकला.

जादूचा_रुमाल
हे होणारच होतं. टेबलक्लॉथ फक्त तळमजल्याचं काम करतो. दुसऱ्या मजल्याचे पाय उभे आहेत आडव्या पानावर, तिथे पानाला पानच भेटतं आणि तुमचा आकडा आहे ०.१७, टेबलाच्या पॉलिशपेक्षाही कमी. पानाचा लेप महत्त्वाचा ठरतो तो इथून वर. जुन्या कॅटकडे तिथे ०.२८ आहे. वर्षानुवर्षं हाताचा घाम आणि मळ बसून लेप झिजलाय, म्हणून.

अनंत_साखळी
मास्तर, एक शंका. मी मेकॅनिकल शिकलोय, पुण्यात असतो. फळीवर आपण पान सपाट ठेवून घर्षण मोजलं, बंगल्यात मात्र पान कडेवर उभं असतं. कडेला लेप नसतो, तिथे कापलेला उघडा कागद असतो. टेबलक्लॉथच्या धाग्यांत तर ती कड रुतते. मग ०.१९ आणि ०.४५ हे आकडे कडेला लागू होतात का?

मास्तर_डिचोली
शंका रास्त आहे. लागू होतात असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मेधाताईंच्या बाबतीत हिशेब आणि चित्रण जुळलं, त्यात योगायोगाचाही भाग असू शकतो. खरं मोजायचं तर फळीवर अख्खा तंबूच उभा करून फळी कलती करावी लागेल, पण मग तंबूचे दोन्ही पाय वेगवेगळे लादले जातात आणि हिशेब बदलतो. कुणाला साधा उपाय सुचला तर सांगा.

चिरेबंदी
एवढं सगळं करण्यापेक्षा पाया रुंद घ्या हो. तळाला आठ तंबू घ्या, बघा पडतो का.

अनंत_साखळी
@चिरेबंदी, आठ तंबूंनी रुंदी वाढते ती फक्त डावीउजवीकडे. तंबूंच्या बंगल्यात किती पानं लागतात ते बघा. मजल्यांची तिप्पट करा, एक मिळवा, त्याला मजल्यांनी गुणा आणि निम्मं करा. पाच मजल्यांना ४०, आठ मजल्यांना बरोबर १००. म्हणजे मेधाताईंच्या १०४ पानांत आठ मजले होतात आणि चार पानं उरतात. उंची साधारण ६८ सेंटीमीटर, डावीउजवीकडे पाया ३६ सेंटीमीटर. इथवर उत्तम.

पण पुढेमागे पाया किती? एका पानाची रुंदी. ६.३ सेंटीमीटर. ६८ सेंटीमीटर उंच आणि सव्वासहा सेंटीमीटर जाड अशी तुमची चिऱ्याची भिंत तुम्ही एकटी उभी कराल का?

चिरेबंदी
नाही करणार. आडवी भिंत बांधून तिला आधार देईन. आता कळलं काय म्हणताय ते. समोरून रुंद दिसतं म्हणून फसायला होतं.

अनंत_साखळी
तीच आडवी भिंत पत्त्यांतही घालता येते! माझा मुद्दा हाच होता. तंबू सोडा आणि पानं सरळ उभी करा. तिरकं पानच नसेल तर बाहेर ढकलणारा जोरही नाही. मग घर्षणावर भार फार कमी पडतो. ते लागतं फक्त धक्का, वारा आणि हाताची थरथर सांभाळायला.

ब्रायन बर्ग नावाचा अमेरिकन माणूस अशीच रचना करतो. १९९९ साली बर्लिनमध्ये त्याने १३१ मजल्यांचा मनोरा केला, ७.७१ मीटर उंच. पुढे २००७ साली डॅलसला ७.८६ मीटर. गोंद नाही, मोडलेलं पान नाही. तो वास्तुकला शिकलेला आहे. आणि आपल्याकडचं सांगायचं तर कोलकात्याच्या अर्णव दागाने २०२३ साली शहरातल्या चार इमारती पत्त्यांत उभ्या केल्या, सुमारे १,४३,००० पानं आणि ४१ दिवस.

भाच्याला एक गणित घाला. ७.७१ मीटरला १३१ ने भागलं तर एक मजला किती उंच येतो? सहा सेंटीमीटरहूनही कमी. पान तर ८८ मिलिमीटर लांब. मग पानं कशी उभी केली असतील?

फोंड्याची_मेधा
भाचा ओरडला, “आडवी! लांब कडेवर!” बरोबर आहे का? पण मग मजला बुटका होतो. उंची हवी असताना पान आडवं का उभं करायचं?

अनंत_साखळी
बरोबर ओळखलंय त्याने. कारण पान दाबाखाली वाकतं. उंच उभं केलेलं पान मध्येच पोटासारखं फुगतं आणि मोडून पडतं. वाकण्याचा विरोध उंचीच्या वर्गाने कमी होतो, आणि लांब कडेवर उभं केलं की रुंदीही जास्त मिळते. ६३ आणि ८८ मिलिमीटरचा हिशेब केला तर आडवं उभं केलेलं पान उभ्यापेक्षा सुमारे पावणेतीन पट ओझं घेतं. उंची मात्र तीस टक्क्यांच्या आतच कमी होते. खालच्या मजल्यांना हा सौदा फायद्याचा.

आता मांडणी सांगतो. एक पान लांब कडेवर उभं धरा. दुसरं पान त्याला काटकोनात आणा आणि त्याची आखूड कड पहिल्याच्या पृष्ठाला मधोमध टेकवा. दोघं एकमेकांना धरून उभी राहतात. तिसऱ्याची कड दुसऱ्याच्या मध्याला, चौथ्याची तिसऱ्याच्या मध्याला टेकवा. शेवटी पहिल्याची कड चौथ्याच्या मध्याला टेकलेली दिसेल. मध्ये एक चौकोनी खण तयार होतो आणि त्यातून चार हात भिंगरीसारखे बाहेर निघतात. त्यावर दोन पानं शेजारीशेजारी सपाट ठेवा. हा झाला एक मजला, सहा पानांत.

पुढचा मजला बांधताना भिंगरी उलटी फिरवा, म्हणजे वरच्या भिंती खालच्या भिंतींना ओलांडून जातात. छपराची पानंही आलटूनपालटून काटकोनात ठेवा. चिरेबंदींची सांधमोड इथे शंभर टक्के लागू आहे.

चिरेबंदी
आता बोललात! सांधमोड सुटत नाही कुठेच.

बदाम_सत्ती
म्हणजे १०४ भागिले ६, सतरा मजले, सव्वासहा सेंटीमीटरचा एक. एक मीटरच्या वर! मी आजच करतो.

सातेरीकृपा
सावंतवाडीच्या गंजिफाने होईल का रे हे? आमच्याकडे दशावताराचा एक संच आहे, १२० पानं आहेत त्यात. १०४ पेक्षा जास्तच.

जादूचा_रुमाल
काकू, गंजिफाची पानं गोल! कडेवर उभी केली की गडगडत जातील. आणि वर लाखेचा चकचकीत लेप. कृपा करून ती जपून ठेवा, बंगल्याला वापरू नका.

बदाम_सत्ती
केलं. अकराव्या मजल्यावर गेला. काही सरकलं नाही, काही वाकलं नाही. अख्खा मनोरा एका बाजूला कलला आणि गेला. आधी तीन मजले थोडा तिरका दिसत होता, पण मला वाटलं चालेल.

मास्तर_डिचोली
ही तिसरी जात. पाय घसरला तर घर्षण कमी, पान फुगलं तर ओझं जास्त, अख्खा कलला तर पाया अरुंद. अकरा मजले म्हणजे जवळजवळ सत्तर सेंटीमीटर, आणि चार भिंतींचा खण साडेचार सेंटीमीटरचा. हात धरले तरी सगळा पसारा तेरा सेंटीमीटरचा. खाली एक मिलिमीटरचा तिरकेपणा असेल तर वर तो पुष्कळ वाढतो. तीन मजले तिरका दिसला तेव्हाच थांबून वरची पानं उतरवायला हवी होती.

अनंत_साखळी
@बदाम_सत्ती, अकरा म्हणजे कमी नाही! मेधाताईंसाठी माझा प्रस्ताव असा. खालचे चार मजले दोन खणांचे करा. दोन खणांत मधली भिंत सामाईक, म्हणून सात भिंती लागतात. वर तीन पानांचं छप्पर. मजल्याला दहा पानं, चार मजल्यांना चाळीस. उरली चौसष्ट. त्यांत सहासहा पानांचे दहा मजले, शिवाय चार पानं शिल्लक. एकूण चौदा मजले, म्हणजे ८८ सेंटीमीटर. सतराच्या मनोऱ्यापेक्षा बुटका, पण उभा राहण्याची शक्यता बरीच जास्त. पहिले चार मजले खाली टेबलक्लॉथ न घालता बांधा, कारण उभ्या पानांना मऊ तळ नको. कड रुतली की पान तिरकं होतं.

जादूचा_रुमाल
टेबलक्लॉथ काढायचा, हे मला पटत नाही. उघड्या पॉलिशवर पहिला खण लावताना पानं निसटतात. मी कॅरमबोर्ड उलटा करून वापरतो. मागची प्लायवुडची बाजू कडक आहे आणि खरखरीतही. दोन्ही कामं होतात.

अनंत_साखळी
हे माझ्यापेक्षा चांगलं.

कुंडईकर
एक सांगायचं राहिलं. या दिवसांत हवेत एवढा ओलावा असतो की पाकीट उघडून दुसऱ्या दिवशी पानं धनुष्यासारखी वाकतात. सपाट ठेवून वर जड पाट ठेवा रात्रभर.

बदाम_सत्ती
वाकलेलं पान तर जास्त चांगलं उभं राहतं! माझी खालची पानं थोडी वाकलेली होती, ती कशाचाही आधार नसताना उभी राहत होती.

मास्तर_डिचोली
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पन्हळीच्या पत्र्यासारखी उभी वळणं असतील तर पान ताठ होतं. पण ओलाव्याने पान कुठल्या दिशेला वाकेल ते आपल्या हातात नसतं, आणि वाकलेल्या पानाची कड वरच्या छपराला सगळीकडे टेकत नाही. मुद्दाम वाकवणं हे मोडण्यातच जमा धरायचं का, ते भाच्याने ठरवावं.

फोंड्याची_मेधा
भाचा म्हणतो, आपोआप वाकलं तर चालेल, मुद्दाम नाही.

आता कालचं सांगते. पानं रात्रभर पाटाखाली ठेवली. कॅरमबोर्ड उलटा करून जमिनीवर ठेवला, टेबल सोडून दिलं. अनंत, तुमच्याप्रमाणे दोन खणांचे चार मजले केले, भाचा आणि मी आळीपाळीने. पहिल्या मजल्यालाच पाऊण तास गेला, कारण पहिली दोन पानं सारखी पडायची. पुढचे मजले पंधरावीस मिनिटांत एकेक होत गेले. वर गेल्यावर खालचं जास्त घट्ट वाटायला लागलं, सहाव्या मजल्यानंतर बोट लागलं तरी खालची पानं हलत नव्हती.

सातव्या मजल्यावर भाच्याला तिरकेपणा दिसला. मास्तरांचं वाचलेलं होतं म्हणून त्याने वरचे दोन मजले काढले आणि पुन्हा लावले. मी एकटी असते तर तसंच पुढे गेले असते.

तेरा मजले झाले. मोजपट्टीने बरोबर ८३ सेंटीमीटर. चौदाव्या मजल्याच्या तीन भिंती लागल्या होत्या, चौथी लावताना भाच्याची बाही अडकली.

बदाम_सत्ती
तेरा!! अभिनंदन दोघांचंही. मी आता माझ्या सतरासाठी खाली तीन खण घेतो. पानं वाढवावी लागतील, पण चालेल.

सातेरीकृपा
शाबास रे बाळा. बाही वर दुमडून बस पुढच्या वेळी.

चिरेबंदी
८३ सेंटीमीटर, गवंड्याविना! भाच्याला सुट्टीत माझ्याकडे पाठवा.

मास्तर_डिचोली
मेधाताई, बोट लागूनही खालची पानं हलली नाहीत, हे तुमचं निरीक्षण महत्त्वाचं आहे. सरळ उभ्या भिंतींत वरचं ओझं नुसतं दाबतं, ढकलत नाही, म्हणून तिथे @बदाम_सत्ती आणि @चिरेबंदी यांचं आधीचं म्हणणं खरं ठरतं. वजनाने घर्षण वाढलं आणि घर बसलं. तंबूत तेच वजन उलटं वागत होतं.

फोंड्याची_मेधा
देव बरें करूं सगळ्यांना. आज जुन्या कॅटने हाच मनोरा करून बघणार आहोत. ०.२८ वाली पानं इथे फायद्याची ठरतात की झिजलेल्या कडांमुळे नडतात, ते बघायचंय.

अनंत_साखळी
मला वाटतं कडा नडतील. कोपरे गोल झालेले असतील तर खणाचे सांधे नीट टेकणार नाहीत.

जादूचा_रुमाल
मला वाटतं पहिला मजला नव्या पानांपेक्षा निम्म्या वेळात होईल. भिंती नव्या पानांच्या आणि छप्पर जुन्या पानांचं असंही एकदा करून बघा. पाय कशावर उभा आहे त्यालाच पकड हवी, भिंतीला हवा ताठपणा.

फोंड्याची_मेधा
हे भाच्याला वाचून दाखवलं. तो आत्ताच जुन्या कॅटमधली सपाट पानं वेगळी काढायला बसलाय. ५२ पैकी ३१ निघाली.